पडताना सगळे एकत्र

23 मार्च 2020, सोमवार. बाजार उघडून तासही झाला नव्हता, तोच निर्देशांक दहा टक्क्यांनी खाली आले, लोअर सर्किट लागलं आणि नियमाप्रमाणे पाऊण तास व्यवहार थांबवावे लागले. व्यवहार पुन्हा सुरू झाल्यावरही घसरण थांबली नाही. दिवसअखेर सेन्सेक्स 3,935 अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून थोडा अधिकच, खाली बंद झाला. निफ्टी 7,610 वर येऊन ठेपला. जानेवारीत तोच निफ्टी बारा हजारांच्या वर होता.

टाळेबंदीच्या भीतीने हॉटेलं, विमान कंपन्या आणि कर्ज देणाऱ्या बँका पडल्या, हे समजण्यासारखं होतं. पण त्या दिवशी औषध कंपन्याही पडल्या, साबण आणि बिस्किटं विकणाऱ्याही पडल्या. महामारीत माणसं औषध घ्यायची थांबत नाहीत आणि साबण तर जास्तच वापरतात, तरीही. एवढंच नाही. त्याआधीच्या पंधरवड्यात सोनंही पडलं होतं. 9 मार्चच्या सुमारास औंसाला 1,700 डॉलरला टेकलेलं सोनं आठवडाभरात 1,500 च्या खाली आलं. जगातली सगळ्यात सुरक्षित गुंतवणूक समजले जाणारे अमेरिकी सरकारचे रोखेसुद्धा त्याच काळात विकले जात होते. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा 9 मार्चला अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता, 18 मार्चपर्यंत तो सव्वा टक्क्याजवळ गेला. परतावा वाढतो याचा अर्थ रोख्याची किंमत घसरते.

ज्याने शहाण्यासारखी पैशाची विभागणी केली होती, म्हणजे निरनिराळ्या उद्योगांतले शेअर, थोडे डेट फंड, थोडं सोनं, त्याला त्या पंधरा दिवसांत सगळीकडे लाल आकडेच दिसले. विभागणीचा सल्ला चुकीचा होता का? मला तसं वाटत नाही. पण तो सल्ला देताना जो आकडा दाखवला जातो, तो कुठून येतो आणि कशाबद्दल असतो, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. तिथेच सामान्य गुंतवणूकदाराची फसगत होते आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

तो आकडा म्हणजे सहसंबंध. दोन गुंतवणुकींचे रोजचे चढउतार किती एका सुरात होतात, हे तो सांगतो. अगदी एका सुरात असतील तर 1, एकमेकांशी काही देणंघेणं नसेल तर 0, बरोबर उलट्या दिशेने जात असतील तर उणे 1. सहसंबंध जितका कमी, तितका विभागणीचा फायदा जास्त, कारण एकाचा खड्डा दुसऱ्याच्या उंचवट्याने भरून निघतो. हा आकडा गेल्या तीन किंवा पाच वर्षांच्या भावांवरून काढतात. आणि तीन-पाच वर्षांतले बहुतेक दिवस शांत असतात.

शांत दिवसांतला सहसंबंध वादळात का टिकत नाही, याची दोन वेगळी कारणं आहेत. ती एकमेकांत मिसळली जातात, म्हणून आधी पहिलं नीट पाहू.

एखाद्या तालुक्यातल्या विहिरी डोळ्यांसमोर आणा. बऱ्या पावसाच्या वर्षांत एका विहिरीचं पाणी वर असतं, दुसरीचं खाली. कुणाचा झरा चांगला, कुणाचा उपसा जास्त, कुणाच्या शेजारी नवी बोअर पडलेली. पाऊस सगळ्यांना सारखा, पण तो साधारण दरवर्षीइतकाच पडत असल्याने फरक दिसतो तो झऱ्याचा आणि उपशाचा. दुष्काळाच्या वर्षी मात्र सगळ्याच विहिरी तळ दाखवतात. झरे बदललेले नसतात. पावसातला बदल एवढा मोठा असतो की बाकीचे फरक त्यापुढे नगण्य ठरतात.

शेअरांचंही असंच आहे. प्रत्येक शेअरच्या चढउतारात एक वाटा सगळ्या बाजाराचा असतो आणि एक त्या कंपनीचा स्वतःचा: तिचा नफा, तिचा वाद, तिचा नवा कारखाना. समजा, शांत काळात बाजाराच्या वाट्याचा चढउतार वर्षाला 10 टक्के आहे आणि कंपनीच्या स्वतःच्या वाट्याचा 17.3 टक्के. हे दोन आकडे सरळ मिळवायचे नसतात, त्यांचे वर्ग मिळवायचे असतात. 100 आणि 300 मिळून 400, त्याचं वर्गमूळ 20. म्हणजे त्या शेअरचा एकूण चढउतार 20 टक्के. अशाच दोन शेअरांमधला सहसंबंध म्हणजे एकूण 400 पैकी सामाईक 100 चा हिस्सा, म्हणजे 0.25. कागदावर दिसायला झकास.

आता असे दहा शेअर समप्रमाणात घ्या. प्रत्येकाचा स्वतःचा वाटा दुसऱ्याच्या स्वतःच्या वाट्याशी निगडित नसल्याने तो दहाच्या गटात विरघळतो, 300 चे 30 होतात. बाजाराचा 100 मात्र तसाच राहतो. बेरीज 130, वर्गमूळ 11.4. एका शेअरला 20 टक्के चढउतार होता, दहांच्या गटाला साडेअकराही नाही. जोखीम जवळजवळ निम्मी झाली. फंडाच्या माहितीपत्रकात विभागणीचा जो फायदा मांडलेला असतो, तो हाच.

मग संकट येतं. कंपन्यांचं स्वतःचं काहीच बदललं नाही असं धरा, 300 तसेच. फक्त बाजाराचा चढउतार 10 वरून 40 टक्क्यांवर गेला. हे अतिरंजित नाही. बाजाराला वाटणाऱ्या भीतीचं माप म्हणून पाहिला जाणारा इंडिया व्हीआयएक्स 2020 च्या जानेवारीत पंधराच्या आसपास होता, मार्चच्या अखेरच्या आठवड्यात तो 80 च्या वर गेला. 40 चा वर्ग 1,600. एका शेअरची बेरीज 1,900, वर्गमूळ 43.6. आणि दोन शेअरांमधला सहसंबंध? 1,900 पैकी 1,600, म्हणजे 0.84.

या हिशेबात कंपन्यांमधलं नातं तसूभरही बदललेलं नाही. प्रत्येक शेअर बाजाराशी पूर्वी जितका बांधलेला होता तितकाच आजही आहे. तरी मोजलेला सहसंबंध 0.25 वरून 0.84 वर गेला. दहा शेअरांच्या गटाचा चढउतार आता 1,600 अधिक 30, याचं वर्गमूळ, म्हणजे 40.4. एका शेअरच्या 43.6 पुढे दहांचा 40.4. विभागणीने जेवढं पुसायचं होतं तेवढं आजही पुसलं, प्रत्येकाच्या स्वतःच्या 300 चे 30 केलेच. पण नुकसान आता तिथे नव्हतंच.

खरा धोका जुन्या आकड्यावर विसंबणाऱ्याचा. संकटात शेअर जास्त हलतील हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो एका शेअरचा चढउतार 43.6 धरतो. सहसंबंध मात्र इतिहासातला 0.25 तसाच ठेवतो. त्याच्या हिशेबात गटाची जोखीम सुमारे 25 येते. प्रत्यक्षात ती 40 असते. मुलीच्या शिक्षणाचे किंवा निवृत्तीचे पैसे जर त्या 25 च्या भरवशावर लावलेले असतील, तर ही चूक केवळ कागदावरची राहत नाही.

अर्थशास्त्रात हा मुद्दा नेमकेपणाने मांडला क्रिस्टिन फोर्ब्स आणि रॉबर्टो रिगोबॉन यांनी, 2002 मध्ये. 1987 चा अमेरिकी बाजारातला कोसळा, 1994 चं मेक्सिकोचं संकट आणि 1997 चं आशियाई संकट त्यांनी पुन्हा तपासलं. त्याआधी या प्रसंगांना 'संसर्ग' म्हटलं जाई, जणू एका देशाचा आजार दुसऱ्याला लागला. वाढलेल्या चढउताराचा परिणाम हिशेबातून वजा केल्यावर सहसंबंधातली वाढ बहुतेक ठिकाणी उरलीच नाही. हे बाजार आधीपासूनच एकमेकांशी बांधलेले होते. शांत काळात ती दोरी सैल होती, म्हणून दिसत नव्हती.

इथेच थांबता आलं असतं, पण या गणिताला एक गोष्ट उलगडत नाही. सामाईक चढउतार वाढल्यामुळेच सहसंबंध वाढत असेल, तर बाजार जोरात वर जातानाही तो तितकाच वाढायला हवा. फ्रान्स्वा लाँजँ आणि ब्रूनो सॉलनिक यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या देशांच्या शेअर बाजारांत नेमकं हेच तपासलं. मोठ्या घसरणीत सहसंबंध वाढत होता, मोठ्या तेजीत वाढत नव्हता. म्हणजे पडण्यात काहीतरी असं आहे जे चढण्यात नाही.

ते म्हणजे सक्ती. वर जाणाऱ्या बाजारात कुणालाही खरेदी करणं सहसा भाग नसतं. पडणाऱ्या बाजारात अनेकांना विकणं भाग पडतं. हे दुसरं कारण, आणि माझ्या मते अधिक गंभीर.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण भारताबाहेरचं आहे. 1994 मध्ये जॉन मेरिवेदर यांनी अमेरिकेत लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नावाचा फंड सुरू केला. त्याच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते, ज्यांना 1997 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. विभागणीचं गणित यांच्याइतकं कुणाला कळत असेल? फंडाचे सौदे जाणूनबुजून एकमेकांपासून दूर ठेवलेले होते. डेन्मार्कचे घरकर्जांचे रोखे, इटलीचे सरकारी रोखे, ब्रिटन आणि अमेरिकेतले व्याजदरांचे सौदे, शेअरांच्या चढउतारावरचे सौदे. डेन्मार्कमधल्या घरकर्जदाराचा अमेरिकी शेअर बाजाराच्या चढउताराशी काय संबंध? इतिहासात नव्हताच. म्हणूनच फंडाने सुमारे पावणेपाच अब्ज डॉलरच्या स्वतःच्या भांडवलावर सव्वाशे अब्ज डॉलरच्या आसपासची मालमत्ता उचलली, बाकी सगळं उसनं.

17 ऑगस्ट 1998 रोजी रशियाने आपल्या कर्जाची परतफेड थांबवली. रशियात या फंडाचा फार पैसा नव्हता. पण रशियात हात पोळलेल्या संस्थांना जोखीम कमी करायची होती आणि त्यांच्याकडेही तेच डॅनिश रोखे होते, तेच इटालियन रोखे, तेच सौदे. त्यांनी ते विकले. भाव पडले, तसा फंडाला उसने पैसे देणाऱ्यांनी जास्त तारण मागितलं. तारण भरायला फंडाने जे विकता येईल ते विकलं, त्यामुळे भाव आणखी पडले. एका ऑगस्ट महिन्यात फंडाचं भांडवल 44 टक्क्यांनी आटलं. 23 सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने चौदा संस्थांनी मिळून सुमारे 3.6 अब्ज डॉलर ओतले, तेव्हा कुठे ते प्रकरण सावरलं.

डेन्मार्कच्या घरांमध्ये आणि अमेरिकी शेअरांमध्ये त्या महिन्यातही काही नातं नव्हतं. नातं होतं मालकांत. एकाच हातात असलेल्या दोन वस्तू, तो हात अडचणीत आला की एकदम बाजारात येतात. शांत काळातल्या भावांवरून काढलेल्या सहसंबंधात हे दिसूच शकत नाही, कारण तेव्हा त्या हाताला विकायची गरज नसते.

आता मार्च 2020 कडे परत पाहिलं की सोनं का पडलं ते कळतं. सोन्यावरचा विश्वास उडाला म्हणून नाही. शेअरांवरचं मार्जिन भरायला रोख डॉलर हवे होते आणि सोनं हे अशा घडीला लगेच, बऱ्या भावात विकलं जाणारं होतं. अमेरिकी सरकारी रोखेही त्याच कारणाने विकले गेले. शेवटी 23 मार्चला फेडरल रिझर्व्हने लागतील तितके रोखे विकत घेण्याची घोषणा केली. भारतात परदेशी संस्थागत गुंतवणूकदारांनी त्या एका महिन्यात शेअरांतून सुमारे 62 हजार कोटी रुपये काढले आणि रोख्यांतूनही जवळपास तेवढेच. आपल्याकडच्या गुंतवणूकदाराच्या लेखी शेअर आणि रोखे हे दोन वेगळे कप्पे असतात. डॉलर घरी न्यायला निघालेल्या परदेशी फंडाच्या लेखी ते दोन्ही एकच, भारतातला पैसा. म्हणून दोन्ही एकत्र पडले आणि रुपयाही त्यांच्याबरोबर डॉलरला 76 च्या पलीकडे घसरला.

डेट फंडांत ही साखळी आणखी जवळून पाहता येते. लोक पैसे परत मागू लागले की फंडाच्या व्यवस्थापकाला रोखे विकून ते द्यावे लागतात. सरकारी आणि उत्तम पतीच्या कंपन्यांचे रोखे लगेच विकले जातात, म्हणून तेच आधी जातात. फंडात मागे उरतात कमी पतीचे रोखे, ज्यांना त्या दिवसांत गिऱ्हाईकच नसतं. मागे राहिलेल्या गुंतवणूकदाराची जोखीम अशी दिवसागणिक वाढत जाते, हे लक्षात आलं की तोही पैसे मागतो. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना बंद केल्या, त्यांत सुमारे 26 हजार कोटी रुपये होते. चारच दिवसांनी रिझर्व्ह बँकेने म्युच्युअल फंडांसाठी 50 हजार कोटींची खास कर्जसोय जाहीर केली. त्या योजनांतले पैसे पुढच्या काही वर्षांत गुंतवणूकदारांना टप्प्याटप्प्याने परत मिळाले. पण ज्याला ते 2020 च्या मे महिन्यात हवे होते, त्याच्या उपयोगी पडले नाहीत.

मग स्वतःच्या गुंतवणुकीत हे आधी ओळखायचं कसं? निफ्टीचे आणि सोन्याचे रोजचे भाव कुणालाही मिळतात. त्यांचे रोजचे टक्केवारीतले बदल दोन रकान्यांत मांडून एक्सेलमध्ये साठ-साठ दिवसांचा सहसंबंध काढता येतो:

```
=CORREL(B2:B61,C2:C61)
```

हे सूत्र खालपर्यंत ओढलं की सहसंबंध हा एक ठरलेला आकडा नाही, तो काळाबरोबर वरखाली होणारी रेषा आहे, हे डोळ्यांना दिसतं. मात्र बाजाराचे फक्त वाईट दिवस वेगळे काढून त्यांचाच सहसंबंध मोजायचा मोह होतो, तो टाळावा. निकालावरून दिवस निवडले की सहसंबंधाचा आकडाच वाकतो, बहुधा खाली, आणि सगळं ठीक आहे असं वाटू लागतं. त्यापेक्षा सरळ प्रश्न बरा: निफ्टीच्या सगळ्यात वाईट वीस दिवसांत माझ्या दुसऱ्या गुंतवणुकीचं सरासरी काय झालं? उत्तर 'ती पण पडली' असं येत असेल, तर पाच वर्षांचा सहसंबंध कितीही कमी असो, त्या दिवसांसाठी ती विभागणी नव्हती.

दुसरा प्रश्न एक्सेलमध्ये सुटत नाही: ही वस्तू माझ्याशिवाय कुणाकुणाच्या हातात आहे आणि त्यांतल्या किती जणांनी ती उसन्या पैशावर घेतली आहे? स्मॉलकॅप शेअर निरनिराळ्या उद्योगांतले असतात, पण ते धरून ठेवणारे फंड बरेचसे तेच. पाच फंड घेतले आणि पाचही त्याच पन्नास कंपन्यांत असतील, तर हातात एकच फंड आहे. शिवाय पगारही या यादीत धरायला हवा, हे क्वचितच कुणी करतं. 2020 च्या एप्रिलमध्ये ज्यांचे पगार कापले गेले, त्यांचे शेअरही तेव्हाच तळाला होते. मग पुढच्या महिन्याचा हप्ता भरायला त्यांनी काय विकलं असेल? ज्या भावात विकायला नको होतं त्याच भावात. अशा वेळी तो गुंतवणूकदार स्वतःच सक्तीने विकणाऱ्यांच्या रांगेत उभा असतो.

ज्याला विकावं लागलं नाही, त्याला विभागणीचा फायदा परत मिळाला. त्याच 2020 च्या ऑगस्टमध्ये सोनं औंसाला 2,000 डॉलरच्या वर गेलं. औषध कंपन्यांचे शेअर एप्रिलपासूनच उसळले, कारण व्यवसायातला खरा फरक विक्रीच्या लोंढ्याने काही काळ झाकला होता, पुसला नव्हता. म्हणजे सगळं काही एकत्र पडतं ते मुख्यतः काही आठवड्यांसाठी, आणि ते आठवडे विकल्याशिवाय काढता येतील का, हा प्रश्न उरतो.

त्या आठवड्यांसाठी ठेवायचे पैसे ज्या वस्तूची किंमत ठरायला गिऱ्हाईक लागत नाही, अशा वस्तूतच असावेत असं माझं स्पष्ट मत आहे. बँकेतली मुदत ठेव मोडताना बाजारात कुणी खरेदीदार शोधावा लागत नाही. किती मिळणार ते करारात लिहिलेलं असतं, व्याज थोडं कापलं जातं एवढंच. तिचा शेअर बाजाराशी सहसंबंध संकटातही शून्यावर राहतो तो याचमुळे. अट एकच, ती बँक उभी असली पाहिजे. याच मार्चमध्ये, 5 तारखेला, येस बँकेवर निर्बंध आले आणि 18 तारखेपर्यंत ठेवीदाराला फक्त 50 हजार रुपये काढता येत होते. ठेव विम्याची मर्यादा त्याच्या महिनाभर आधी एक लाखावरून पाच लाखांवर नेलेली होती. एका बँकेचं बुडणं हा त्या बँकेचा स्वतःचा वाटा, वरच्या हिशेबातल्या 300 पैकी. तो विभागणीने आजही तितकाच कमी होतो, म्हणून सहा महिन्यांच्या घरखर्चाची ती रक्कम दोन बँकांत, प्रत्येकी पाच लाखांच्या आत ठेवली की पुरतं.